कर्जरोख्यांची वटावाने विक्री

कर्जरोख्यांची वटावाने विक्री म्हणजे कंपनीने आपले कर्जरोखे त्यांच्या दर्शनी मूल्यापेक्षा कमी किमतीस गुंतवणूकदारांना देणे. शंभर रुपयांचा रोखा चौऱ्याण्णव रुपयांना विकला, तर मधल्या सहा रुपयांस वटाव म्हणतात. कंपनीच्या हाती चौऱ्याण्णव रुपये येतात, परंतु मुदतीअखेर तिला पूर्ण शंभर रुपये परत करावे लागतात आणि दरम्यानचे व्याजही शंभरावरच द्यावे लागते. म्हणून हा वटाव दुकानदाराने गिऱ्हाइकास दिलेल्या सवलतीसारखा नसून, विक्रीच्या दिवशीच आगाऊ चुकवलेल्या व्याजासारखा असतो. हे व्याज कोणत्या वर्षाचा खर्च मानावे, हा या विषयातील खरा प्रश्न होय. नाशिकच्या तपारिया टूल्स या कंपनीचा याच स्वरूपाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

वटाव का द्यावा लागतो

रोख्यावरील व्याजाचा दर कंपनी आधी ठरवते आणि तो कागदावर छापला जातो. प्रत्यक्ष विक्रीच्या वेळी बाजारातील दर त्याहून चढा असेल, तर छापील दराने पूर्ण किंमत देण्यास कोणी पुढे येत नाही. अशा वेळी कंपनी व्याजदर न बदलता किंमत उतरवते. बारा टक्के व्याजाचा, पाच वर्षे मुदतीचा आणि सहामाही व्याज देणारा शंभर रुपयांचा रोखा चौऱ्याण्णव रुपयांस घेणाऱ्याला वर्षाकाठी सुमारे १३.७ टक्के दराने उत्पन्न मिळते. बारा आणि १३.७ यांतील अंतर वटावाने भरून निघते.

हीच युक्ती टोकाला नेली की मधले व्याज पूर्णपणे नाहीसे होते आणि सारा मोबदला वटावातच सामावतो. भारतीय औद्योगिक विकास बँकेने १९९२ साली २,७०० रुपयांस विकलेला रोखा पंचवीस वर्षांनी एक लाख रुपये देणार होता. मुंबईच्या उपनगरांतील पुष्कळ मध्यमवर्गीय कुटुंबांना वटावाचा पहिला परिचय अशा ‘डीप डिस्काउंट’ रोख्यांमुळे झाला. लाखाचा आकडा डोळ्यांत भरत असला, तरी त्यामागील चक्रवाढ दर सुमारे साडेपंधरा टक्के इतकाच होता.

हिशेबाची नेहमीची रीत

समजा, मुलुंडमध्ये लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखाना असलेल्या एका काल्पनिक कंपनीने १ जुलै रोजी शंभर रुपयांचे १०,००० कर्जरोखे सहा टक्के वटावाने विकले. व्याज बारा टक्के, देय तारखा ३१ डिसेंबर आणि ३० जून, मुदत पाच वर्षे. बँकेत ९,४०,००० रुपये जमा होतात. रोजकीर्दीत बँक खाते ९,४०,००० रुपयांनी व कर्जरोखे वटाव खाते ६०,००० रुपयांनी नावे होते आणि कर्जरोखे खाते १०,००,००० रुपयांनी जमा होते. देणे पूर्ण दहा लाखांचे आहे, हे या नोंदीत पहिल्याच दिवशी स्पष्ट होते.

व्याजाची आकारणी दर्शनी मूल्यावर होते, हाती आलेल्या रकमेवर नव्हे. ३१ डिसेंबरला साठ हजार रुपये व्याज दिले जाते. पण हिशेबी वर्ष ३१ मार्चला संपते. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांचे तीस हजार रुपये व्याज तोवर उपार्जित झालेले असते, मात्र देय झालेले नसते. ते त्याच वर्षाच्या खर्चात धरून ताळेबंदात देणे म्हणून दाखवावे लागते. म्हणजे पहिल्या वर्षाच्या नऊ महिन्यांचे व्याज नव्वद हजार होते. ही नोंद राहून गेली, तर पहिल्या वर्षाचा नफा तीस हजारांनी फुगतो. तपासणारास ही चूक सहज सापडते, कारण नऊ महिन्यांच्या कर्जावर केवळ सहा महिन्यांचे व्याज पडलेले दिसते.

वटावाचे साठ हजार पाच वर्षांवर सारखे वाटले, तर दरवर्षी बारा हजार पडतात. पहिल्या वर्षी नऊ महिन्यांचे नऊ हजार, मधल्या चार वर्षांत बारा-बारा हजार आणि शेवटच्या तीन महिन्यांचे तीन हजार, असे मिळून साठ हजार पुरे होतात. उधारखर्चाविषयीचे लेखामानक क्रमांक १६ वटावाच्या या हप्त्यांना व्याजाप्रमाणेच उधारीचा खर्च मानते. शालेय अभ्यासक्रमांत मात्र बहुधा संपूर्ण वटाव विक्रीच्या वर्षीच प्रतिभूती अधिमूल्य खात्यातून अथवा नफा-तोटा पत्रकातून निर्लेखित करण्याची रीत शिकवली जाते. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम ५२ नुसार अधिमूल्याच्या रकमेचा असा उपयोग करता येतो, परंतु त्यायोगे उधारीचा खरा खर्च नफा-तोटा पत्रकात कधीच उमटत नाही, हे या रीतीचे वैगुण्य आहे. नव्या भारतीय लेखामानकांखालील काही विहित कंपन्यांना ही मुभाही पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही.

रोखे एकाच वेळी न फेडता दरवर्षी एक-पंचमांश फेडायचे असतील, तर वटावाची समान वाटणी अन्यायकारक ठरते. पहिल्या वर्षी कंपनी सर्व पैसा वापरते, तर पाचव्या वर्षी केवळ पाचवा हिस्सा. तेव्हा वटाव ५ : ४ : ३ : २ : १ या प्रमाणात, म्हणजे वीस, सोळा, बारा, आठ आणि चार हजार असा वाटला जातो.

तपारिया टूल्सचा वाद

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत पाने, पकडी यांसारखी हत्यारे बनवणाऱ्या तपारिया टूल्सने १९९०च्या दशकाच्या मध्यास शंभर रुपये दर्शनी मूल्याचे अपरिवर्तनीय कर्जरोखे पाच वर्षांच्या मुदतीने काढले. रोखेधारकांपुढे दोन पर्याय ठेवले होते. पाच वर्षे अठरा टक्के दराने सहामाही व्याज घ्यावे, किंवा दर रोख्यामागे पंचावन्न रुपये व्याज आरंभीच एकरकमी घ्यावे आणि पुढे काही मागू नये. काही धारकांनी दुसरा पर्याय पत्करला. कंपनीने ती रक्कम चुकती केली, आपल्या हिशेबवह्यांत तिची पाच वर्षांवर वाटणी केली आणि आयकराच्या विवरणपत्रात मात्र पूर्ण रकमेची वजावट त्याच वर्षी मागितली.

या दोन पर्यायांचा मेळ कसा बसतो, हे पाहण्याजोगे आहे. पहिल्या पर्यायात धारकास दर सहा महिन्यांनी नऊ रुपये, असे दहा हप्ते मिळतात. त्यांची बेरीज नव्वद होते. परंतु सहामाही नऊ टक्के दराने आजची किंमत काढली, तर ती सुमारे ५७.७६ रुपये येते. म्हणजे पंचावन्न रुपये हे नव्वदाच्या तुलनेत अल्प दिसत असले, तरी वस्तुतः किंचितच कमी होते. कंपनीच्या बाजूने पाहिले, तर तिने शंभर घेऊन लगेच पंचावन्न परत दिले, पंचेचाळीस वापरावयास ठेवले आणि पाच वर्षांनी शंभर फेडले. कायदेशीर नाव आगाऊ व्याज असले, तरी आर्थिक दृष्टीने हा रोखा पंचावन्न टक्के वटावाने विकल्यासारखाच झाला. पंचेचाळिसाचे पाच वर्षांत शंभर होण्यास वार्षिक चक्रवाढ दर सुमारे १७.३२ टक्के लागतो.

या दराने दरवर्षी चढणारे व्याज आणि समान वाटणी यांत किती अंतर पडते, ते एका रोख्यापुरते पुढे दिले आहे (रुपयांत).

| वर्ष | आरंभीचे देणे | चक्रवाढ दराने व्याज | अखेरचे देणे | समान वाटणीने व्याज |
|---|---|---|---|---|
| १ | ४५.०० | ७.७९ | ५२.७९ | ११.०० |
| २ | ५२.७९ | ९.१४ | ६१.९३ | ११.०० |
| ३ | ६१.९३ | १०.७३ | ७२.६६ | ११.०० |
| ४ | ७२.६६ | १२.५८ | ८५.२४ | ११.०० |
| ५ | ८५.२४ | १४.७६ | १००.०० | ११.०० |

चक्रवाढीची ही रीत भारतीय लेखामानक १०९ मध्ये ‘प्रभावी व्याजदर पद्धत’ म्हणून विहित आहे. वटाव सहा टक्क्यांसारखा लहान असेल, तर दोन्ही रीतींतील फरक नगण्य राहतो. पंचावन्न टक्क्यांच्या वटावात मात्र पहिल्याच वर्षी सव्वातीन रुपयांची तफावत पडते.

आयकर अधिकाऱ्याने वजावट पाच वर्षांवर पसरवली आणि दरवर्षी एक-पंचमांशच मान्य केली. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली तीच भूमिका उचलून धरली. पैसा पाच वर्षे वापरला जाणार असल्याने खर्चही पाच वर्षांच्या उत्पन्नाशी जुळवला पाहिजे, असा त्यामागील विचार होता. या विचाराला मद्रास इंडस्ट्रियल इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशनच्या खटल्याचा आधार होता. त्या महामंडळाने १९६६ साली दीड कोटी रुपयांचे रोखे दोन टक्के वटावाने, बारा वर्षांच्या मुदतीने विकले होते. वटाव तीन लाखांचा होता. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वटाव महसुली खर्च आहे असे मान्य करून, बारा वर्षांवर वर्षाला पंचवीस हजार याप्रमाणे वाटण्यास संमती दिली होती.

तपारियाच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०१५ रोजी उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला. कंपनीची हिशेबपद्धती उपार्जनाची होती, व्याज देण्याचे दायित्व त्या वर्षी निर्माण झाले होते आणि रक्कम प्रत्यक्ष चुकतीही झाली होती. आयकर अधिनियम १९६१ च्या कलम ३६ मधील व्याजवजावटीच्या अटी एवढ्याने पूर्ण होतात, असे न्यायालयाने म्हटले. खर्च पसरवण्याची मुभा करदात्याने मागितल्यास देता येते, पण तो मागत नसताना अधिकाऱ्याने ती त्याच्यावर लादू नये. हिशेबवहीतील नोंद निराळी होती, एवढ्यावरून कायद्याने मिळणारी वजावट नाकारता येत नाही, हाही मुद्दा निर्णयात ठळक आहे.

या निकालाचा अर्थ ताणून लावू नये. तपारियाने पंचावन्न रुपये व्याज म्हणून प्रत्यक्ष मोजून दिले होते. मद्रासच्या प्रकरणातील वटावात विक्रीच्या दिवशी कंपनीच्या हातून काहीच गेले नव्हते, फक्त अपेक्षेहून कमी आले होते, आणि जादा रक्कम मुदतीअखेर द्यावयाची होती. अर्थशास्त्रास हे दोन व्यवहार जुळे भाऊ वाटतात, पण करकायद्यास तसे वाटत नाही. त्यामुळे शुद्ध वटावाने विकलेल्या रोख्यांस मद्रासचाच निर्णय लागू पडतो, असे मानणे सुरक्षित आहे.

परतफेड

मुलुंडच्या काल्पनिक कंपनीने मुदतीअखेर दहा लाख रुपये दिले, की कर्जरोखे खाते बंद होते. तोवर वटाव खात्यात एक रुपयाही उरलेला नसावा. परतफेडीच्या वर्षी अचानक साठ हजारांचा ‘तोटा’ दिसला, तर रोखे आरंभी दहा लाखांऐवजी ९,४०,००० रुपयांना नोंदवले गेले आणि मधली पाच वर्षे वटावाचा विसर पडला, असे खुशाल समजावे.

मुदतीपूर्वी बाजारातून आपलेच रोखे विकत घेऊन रद्द करण्याची पद्धतही रूढ आहे आणि हिशेबातील घोटाळे अधिक तेथेच होतात. समजा, तिसऱ्या हिशेबी वर्षाच्या अखेरीस, ३१ मार्चला, कंपनीने एक हजार रोखे व्याजासह ९८ रुपये दराने घेतले. यात जानेवारी ते मार्चचे तीन रुपये व्याज आहे. म्हणून मुद्दलाची किंमत ९५ रुपये. शंभराचे देणे पंचाण्णवात फिटले, म्हणून पाच रुपये नफा झाला, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तोवर साठ हजारांपैकी तेहतीस हजारच निर्लेखित झालेले असतात. उरलेले सत्तावीस हजार म्हणजे दर रोख्यामागे २.७० रुपये. वहीतील देणे ९७.३० रुपयांचे असल्यामुळे खरा नफा २.३० रुपये, एक हजार रोख्यांवर २,३०० रुपये.

सूचीबद्ध नसलेल्या कंपनीस (बिगरबँकिंग वित्तसंस्था वगळता) थकीत रोख्यांच्या दहा टक्के इतकी रक्कम नफ्यातून ‘कर्जरोखे परतफेड राखीव निधी’त वर्ग करावी लागते. २०१९ पूर्वी हे प्रमाण पंचवीस टक्के होते. या निधीविषयी एक गैरसमज दृढ आहे. राखीव निधी म्हणजे तिजोरीत बाजूला ठेवलेली रोकड नव्हे, तर तेवढा नफा लाभांश म्हणून वाटला जाऊ नये यासाठी वहीत घातलेला बांध आहे. रोकडीची सोय वेगळी करावी लागते. त्या आर्थिक वर्षात फेडावयाच्या रोख्यांच्या किमान पंधरा टक्के रक्कम ३० एप्रिलपूर्वी बँकठेवीत वा सरकारी रोख्यांत गुंतवावी, असा नियम आहे. काल्पनिक कंपनीस निधी एक लाखाचा आणि ठेव दीड लाखाची लागेल. राहिलेले साडेआठ लाख कोठून आणावयाचे, याविषयी नियम मौन बाळगतो.

परतफेड लवकर झाली म्हणजे धारकाचा लाभच झाला, असे नाही. गुजरातच्या सरदार सरोवर नर्मदा निगमने १९९३ साली ३,६०० रुपयांना विकलेले रोखे २०१४ च्या जानेवारीत १,११,००० रुपये देणार होते. राज्य विधिमंडळाने २००८ साली खास कायदा करून निगमला मुदतपूर्व परतफेडीचा अधिकार दिला आणि जानेवारी २००९ मध्ये पन्नास हजार रुपये हाती ठेवून रोखे मिटवण्यात आले. गेलेल्या पंधरा वर्षांचा दर उत्तम पडला होता. मात्र उरलेल्या पाच वर्षांत पन्नास हजारांचे एक लाख अकरा हजार होणे म्हणजे वार्षिक सुमारे १७.३ टक्के, आणि त्या काळी बँकेच्या ठेवीवर त्याच्या निम्म्याच्या आसपासच व्याज मिळत असे. वटावाच्या रोख्यात मोबदल्याचा मोठा भाग शेवटच्या वर्षांत साचतो, हे वरील कोष्टकातही दिसते. म्हणूनच मुदतपूर्व फेडीचा हक्क कोणाच्या हाती आहे, हे असा रोखा घेण्यापूर्वी पाहावे लागते.

भागभांडवलाशी तुलना

वटावाची मुभा रोख्यांना आहे, भागांना नाही. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम ५३ नुसार दर्शनी मूल्याहून कमी किमतीस भाग विकणे निषिद्ध आहे. कर्मचाऱ्यांना वा संचालकांना दिले जाणारे ‘स्वेट इक्विटी’ भाग आणि कर्जाचे भागांत रूपांतर होण्याचे काही ठरावीक प्रसंग एवढेच त्याला अपवाद आहेत. १९५६ च्या जुन्या अधिनियमात काही अटींवर अशी विक्री करता येत असे. कारण उघड आहे. भागभांडवल हा धनकोंचा शेवटचा आधार असतो. दहा रुपयांचा भाग सात रुपयांना देऊन वहीत दहा दाखवले, तर तो आधार तितका पोकळ होतो. कर्जरोखा हा आधार नसून आधारावर बसणारा भार आहे, आणि तो पूर्ण दर्शनी मूल्याने नोंदवला जातो. त्यामुळे वटावाने कोणाची फसवणूक होत नाही. बाजारभावापेक्षा कमी, पण दर्शनी मूल्यापेक्षा अधिक किमतीस हक्कभाग देणे हा या कायद्याच्या अर्थाने वटाव नव्हे.

या दोहोंतील फट शोधण्याचा प्रयत्न फार पूर्वीच झाला होता. इंग्लंडमधील कॉफीफाँटेन माइन्सच्या १९०४ मधील खटल्यात वीस टक्के वटावाने दिलेले रोखे तत्काळ पूर्ण दर्शनी मूल्याच्या भागांत बदलून घेता येत होते. भाग वटावाने विकण्याची ही आडवाट आहे, असे ठरवून न्यायालयाने ती बंद केली. भारतातही परिवर्तनीय रोखे वटावाने काढताना हाच धोका सांभाळावा लागतो.

खर्चाच्या दृष्टीने रोखे स्वस्त पडतात. काल्पनिक कंपनीचा वार्षिक भार व्याज १,२०,००० आणि वटाव १२,००० मिळून १,३२,००० रुपये. ही रक्कम करपात्र नफ्यातून वजा होते. कराचा दर अधिभार व उपकरासह सुमारे २५.१७ टक्के धरल्यास तेहतीस हजारांहून थोडा अधिक कर वाचतो आणि हाती आलेल्या ९,४०,००० रुपयांवर निव्वळ भार सुमारे साडेदहा टक्के राहतो. भागधारकास एवढाच लाभांश द्यावयाचा, तर तो कर भरून उरलेल्या नफ्यातून द्यावा लागतो आणि त्याची वजावट मिळत नाही. अग्रहक्क भागांवरील लाभांशासही हेच लागू आहे. शिवाय असे भाग फेडावयाचे, तर पैसा नफ्यातून किंवा नव्या भागविक्रीतूनच आणावा लागतो. कर्जरोखे मात्र दुसरे कर्ज काढूनही फेडता येतात.

रोखेधारकाला मताधिकार नसतो, त्यामुळे प्रवर्तकांचे नियंत्रण अबाधित राहते. परंतु या स्वस्ताईची दुसरी बाजू मंदीत दिसते. लाभांश जाहीर न करण्याची मुभा संचालक मंडळास असते, व्याज न देण्याची नसते. तोट्याच्या वर्षीही ३१ डिसेंबर आणि ३० जूनला साठ-साठ हजार मोजावेच लागतात. ते चुकले, तर तारण ठेवलेल्या मालमत्तेवर कारवाई करण्यास रोखेधारकांचे विश्वस्त पुढे येतात. त्या वर्षी करपात्र नफाच नसल्याने व्याजावरील करबचतीचा लाभही लगेच पदरात पडत नाही आणि साडेदहा टक्क्यांचा भार पुन्हा चौदा टक्क्यांवर जातो.